रंगकाम आणि दुरुस्तीच्या अटीवर भाडेकराराचं नूतनीकरण : कोथरूडमधल्या एका फ्लॅटचं प्रकरण

पुण्यात भाड्याच्या घराचा करार संपत आला की बोलणं बहुतेक एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: भाडं किती वाढणार? या प्रकरणात भाडेकरूने वाढीला नकार दिला नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की घराला रंग द्या, रखडलेल्या दुरुस्त्या करा, मग आम्ही वाढीव भाड्याने राहतो. मागणी रास्त होती. पण ती ज्या शब्दांत पहिल्यांदा मांडली गेली, त्या शब्दांत ती फसली असती. मी भाडेकरार तयार करून त्यांची नोंदणी करून देण्याचं काम करतो, त्यामुळे कागद दोन्ही बाजूंनी माझ्याकडे आले. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कोथरूडमधली चार मजली, नव्वदच्या दशकातली इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा, साधारण ६२० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, मुलाजवळ नाशिकला राहतात. भाडेकरू नवरा-बायको, दोघंही नोकरी करणारे. मुलगी जवळच्याच शाळेत पाचवीत. अकरा अकरा महिन्यांचे तीन करार झालेले, तिसरा ३१ मे रोजी संपणार होता. भाडं २४,००० रुपये, अनामत ७५,०००. एप्रिलच्या सुरुवातीला काकूंचा निरोप आला की नव्या करारात भाडं १० टक्क्यांनी वाढवून २६,४०० करायचं आहे. भाडेकरूने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवलेलं उत्तर पाठवण्याआधी मला दाखवलं:

"काकू, सगळी दुरुस्ती आणि पूर्ण रंगकाम करून देणार असाल तरच आम्ही राहू, नाहीतर घर सोडू."

मी त्याला हे पाठवू नकोस म्हटलं. धमकीचा सूर हे कारण होतंच, पण ते दुय्यम. खरी अडचण "सगळी" या शब्दात होती. काकूंनी नळाचे वॉशर बदलले आणि हॉलला एक हात मारला तरी त्यांच्या दृष्टीने सगळं झालं असतं. भाडेकरूच्या मनात मात्र छताची ओल होती, आणि ती काकूंच्या एकटीच्या हातात नव्हतीच.

आधी भिंत वाचायची

आम्ही घर फिरून यादी केली. बेडरूमच्या छतावर, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या बरोबर खाली, ताटाएवढा पिवळसर डाग. रंगाचे पोपडे सुटलेले. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली ओलीची पट्टी आणि तिच्यावर पांढरा खार. स्वयंपाकघरात सिंकखालचा ट्रॅप गळून ट्रॉलीचं प्लायवूड फुगलेलं. एका सरकत्या खिडकीचे रोलर गेलेले. गीझर लावला की अधूनमधून एमसीबी पडायचा. बाकी भिंतींचा रंग हे लोक राहायला येण्याच्या वर्षभर आधी दिलेला, म्हणजे जवळजवळ चार वर्षं जुना.

या यादीतल्या दोन ओली दिसायला सारख्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि खर्च करणारेही वेगळे. छतावरचा डाग एप्रिलच्या कोरड्या उन्हातही हाताला गार लागत होता. पावसाशी संबंध नसताना ओल टिकते तेव्हा पाणी रोजच्या वापरातून येत असतं, म्हणजे बहुधा वरच्या बाथरूमच्या नहाणीच्या, म्हणजे पाणी वाहून जायच्या तोंडाच्या, सांध्यातून किंवा फरशीच्या दरजांमधून. पश्चिमेची भिंत मात्र आता कोरडी होती, फक्त खार उरला होता. ती ओल पावसाळ्यात बाहेरून येणारी. खिडकीच्या छज्जापाशी आणि बीम व विटांची भिंत जिथे मिळते त्या रेषेवर बाहेरून तडे असले की पश्चिमेचा पाऊस नेमका तिथून आत शिरतो.

घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दिवसभर ठेवायचा. तुकड्याच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव साचलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. आतून कोरडं राहिलं आणि वरून दव धरलं, तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. बेडरूमचं छत या तपासणीत ओलं निघालं, हॉलची भिंत कोरडी.

एवढ्या खोलात जायचं कारण सोपं आहे. ओल बंद न करता रंग दिला तर तो एका पावसाळ्यात पोपडे धरतो. मग मालकाला वाटतं की रंगाचे पैसे पाण्यात गेले, आणि भाडेकरूला वाटतं की आपल्याला फसवलं. अशा करारांत वर्षभराने जी कटुता येते तिचं मूळ बहुतेक वेळा कामांच्या चुकलेल्या क्रमात असतं. आधी गळती थांबवायची, मग सुकू द्यायचं, मग रंग.

खर्च कोणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, सामाईक नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, तसंच पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. एखाद्या सदस्याच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून होणारी आतली गळती त्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने काढायची. म्हणजे पश्चिमेची भिंत बाहेरून सोसायटीची जबाबदारी, छताचा डाग वरच्या फ्लॅटमालकाची, आणि काकूंच्या वाट्याला उरलं ते सिंक, खिडकी, वायरिंग आणि रंग.

इथे एक गोष्ट भाडेकरूला समजावावी लागली. तो सोसायटीचा सदस्य नाही. त्याने सेक्रेटरींकडे कितीही फेऱ्या मारल्या तरी अर्ज सदस्याच्या सहीचा लागतो. त्यामुळे काकूंकडून त्याला सर्वांत आधी हवी होती ती एक सही, पैसे नंतर. नाशिकला बसलेल्या मालकिणीला हे काम विनाखर्चाचं असतं, आणि ती ते पटकन करते.

कायद्याची बाजू, जेवढी लागते तेवढी

महाराष्ट्रात आज घरं बहुतेक लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने दिली जातात. कायद्याच्या भाषेत हा भाडेपट्टा नसतो, वापराचा परवाना असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये घरमालकाने घर राहण्याजोगं ठेवावं, आणि त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत, अशी तरतूद कलम १४ मध्ये आहे. लोक ही तरतूद ऐकून येतात आणि सांगतात, "मग आम्हीच करतो आणि कापून घेतो." पण ती भाडेपट्ट्याने राहणाऱ्या, कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असलेल्यासाठी आहे. लायसन्सवर राहणाऱ्याने तिच्या भरवशावर भाडं कापणं धोक्याचं, कारण मालक ते थेट थकबाकी म्हणून दाखवू शकतो. मालकाची लेखी संमती असेल तरच कापा.

दुसरी तरतूद जास्त महत्त्वाची. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि तोवरच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू होते. म्हणजे "दुरुस्ती होईपर्यंत सही करणार नाही, पण राहणार" हा पवित्रा १ जूनपासून भाडेकरूच्याच अंगावर आला असता. त्याच कलमात असंही आहे की लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. फोनवर दिलेलं "रंग देते हो" त्यासमोर टिकत नाही. जे हवं ते करारातच उतरायला हवं.

तिथेच एक सापळाही असतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या छापील मसुद्यात एक वाक्य असतं: परवानाधारकाने मिळकत पाहिली असून ती सुस्थितीत आहे, आणि तो ती त्याच स्थितीत ठेवील. ओलीचा डाग डोक्यावर असताना या वाक्याखाली सही केली की तक्रार आपणच खोडून टाकलेली असते. नूतनीकरणाच्या वेळी जुनाच मसुदा तारखा बदलून पुढे ढकलला जातो, म्हणून हे वाक्य कोणाच्या नजरेस पडत नाही.

पाठवलेलं पत्र

१० एप्रिलला, म्हणजे मुदत संपायच्या सात आठवडे आधी, पुढचं पत्र गेलं. वेळ मुद्दाम ती निवडली. मेच्या मध्यावर पाठवलं असतं तर काम व्हायला दिवस उरले नसते, आणि पुण्यात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. त्यानंतर बाहेरच्या भिंतीला हात लावता येत नाही.

"आदरणीय काकूंना सप्रेम नमस्कार.

आपला करार ३१ मे रोजी संपतो आहे. आम्हाला याच घरात पुढे राहायचं आहे, आणि या वेळी अकराऐवजी २२ महिन्यांचा करार करायची तयारी आहे. पहिले ११ महिने आम्ही घर सोडणार नाही, असं करारात लिहून देऊ.

त्याआधी पुढील कामं व्हावीत ही विनंती. (१) बेडरूमच्या छताची गळती: वरच्या बाथरूममधून असावी. सोसायटीला आपल्या सहीचा अर्ज लागेल, मसुदा सोबत आहे. (२) हॉलच्या पश्चिम भिंतीचे बाहेरचे तडे: सोसायटीकडून, पावसाआधी. (३) सिंकखालचा ट्रॅप, गीझरच्या पॉइंटचं वायरिंग, हॉलच्या खिडकीचे रोलर: ३० एप्रिलपर्यंत. (४) गळती थांबून छत सुकल्यावर घराचं रंगकाम: २५ मेपर्यंत. नळाचे वॉशर, ट्यूब, बिजागऱ्यांची किरकोळ कामं आम्हीच करून घेतो.

फोटो आणि दोन रंगाऱ्यांचे अंदाज जोडले आहेत. भाडेवाढीबद्दल आपण मागितलेला आकडा आम्हाला थोडा जास्त वाटतो, प्रत्यक्ष बोलू. २० एप्रिलपर्यंत आपला विचार कळला तर बरं होईल, म्हणजे काही जमलंच नाही तर आम्हालाही दुसरं घर बघायला वेळ मिळेल."

शेवटच्या वाक्यात घर सोडण्याची शक्यता आहे, पण ती तारखेचं कारण म्हणून आली आहे. काकूंना ते खटकलं नाही. त्यांना खटकलं ते निराळंच.

काकूंचा हिशोब

त्यांचा फोन मला आला. "अहो, मी रंगाला पैसे घालायचे आणि हे लोक सहा महिन्यांत निघून गेले तर? मागच्या वेळच्यांनी तेच केलं होतं. शिवाय आत्ताच्या करारात जाताना रंगाचे पैसे कापायचे असं लिहिलेलं आहेच की."

दोन्ही मुद्दे खरे होते. जुन्या करारात कलम होतं की घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं अनामतीतून वजा होईल. पुण्यात हे कलम अगदी सर्रास आढळतं आणि माझ्या मते ते आळशीपणाने लिहिलेलं असतं. भाडेकरू अकरा महिने राहो की पाच वर्षं, कापायची रक्कम तीच. नैसर्गिक झिजेचा खर्च मालकाचा, आणि भाडेकरूने केलेल्या नुकसानीचा भाडेकरूचा, हा भेदच त्यात पुसला जातो.

मी काकूंना दोन्ही बाजूंची बेरीज मांडून दाखवली. रंगाऱ्याने भिंती आणि छत मिळून सुमारे १,९०० चौरस फूट मोजले होते. खराब भागांना पुट्टी आणि इमल्शनचे दोन हात, मजुरी-साहित्यासह चौरस फुटाला १४ रुपये, म्हणजे २६,६००. ओलीने खराब झालेल्या सुमारे २२० चौरस फुटांवर जुना रंग खरवडून पुट्टी-प्रायमरसाठी वरचे १२ रुपये, म्हणजे २,६४०. एकूण २९,२४०. दुसऱ्या रंगाऱ्याने सगळं घर खरवडून नव्याने करायचं म्हणून ४५,००० च्या वर सांगितलं होतं. बाकी भिंती चांगल्या असताना त्याची गरज नव्हती.

आता हे लोक गेले तर काय? घर महिनाभर रिकामं राहिलं की २४,००० गेले. नवा भाडेकरू एजंटमार्फत आला तर मालकाकडूनही दलाली मागितली जाते, ती साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी. आणि नवा माणूस डाग पडलेलं घर घेणार नाही, म्हणजे रंग द्यावा लागणारच. रंगाचा खर्च दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो तुलनेतून बाजूला काढायचा. उरतात जवळजवळ ४८,००० रुपये, जे फक्त हे कुटुंब राहिल्यामुळे वाचतात. भाडेकरूकडेही अशीच बेरीज होती: दलाली, सामान हलवण्याचा टेम्पो, नव्या घराची मोठी अनामत, मुलीची शाळेची बस. दोघांनाही घर मोडायचं नव्हतं. अडलं होतं ते विश्वासावर. काकूंना हवी होती राहण्याची हमी, भाडेकरूला काम होण्याची.

म्हणून ठरलं ते असं. करार २२ महिन्यांचा, पहिले ११ महिने लॉक-इन. भाडं पहिल्या ११ महिन्यांना २५,५०० आणि पुढच्या ११ महिन्यांना २६,५००. रंगाची कपात बदलली: पूर्ण २२ महिने राहिले तर काही नाही, लॉक-इननंतर पण मुदतीआधी सोडलं तर १०,०००. भिंतींना खिळे ठोकून, चिकटपट्ट्या लावून किंवा मुलांच्या चित्रकलेने झालेलं नुकसान मात्र वेगळं धरलं जाईल.

अकरा महिन्यांचाच करार का करतात, हे काकूंनी विचारलं. मुळात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. त्यामुळे अकराच्या आकड्यात इथे काहीच वाचत नाही, उलट दर वेळी नोंदणीचा खर्च नव्याने होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. इथे भाड्याची बेरीज ५,७२,०००, अनामतीवरचं धरलेलं व्याज १३,७५०. त्यावर शुल्क दीड हजारांच्या आत, अधिक महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. २२ महिन्यांत एकदाच.

कामं घडली तशी

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आधी ऐकायला तयार नव्हते. "आमचं बाथरूम कोरडं खणखणीत आहे," हे त्यांचं उत्तर. काकूंच्या सहीचा अर्ज सोसायटीकडे गेल्यावर सेक्रेटरींनी पाणी साठवून तपासणी करायला लावली. नहाणीचं तोंड बंद करायचं, फरशीवर दोन-तीन बोटं रंगीत पाणी भरायचं आणि २४ तास तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या छतावर रंगाची छटा उतरली, आणि वाद तिथेच मिटला. तपासणीआधी सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का तेही बघितलं होतं. तो फिरत नव्हता, म्हणजे दाबाची पाइपलाइन फुटलेली नव्हती. त्यामुळे फरशी उखडून कोब्यापर्यंत जायची वेळ आली नाही. नहाणीचा सांधा नव्याने भरला, दरजा खरवडून त्यांत एपॉक्सी ग्राउट घातला. खर्च त्या गृहस्थांचा. पाणी साठवून पुन्हा एकदा तपासलं आणि छत सुकायला तीन आठवडे सोडलं.

या तीन आठवड्यांत भाडेकरूची चुळबुळ सुरू झाली. रंगारी रोज फोन करत होता की मोकळा आहे, आजच हात मारतो. त्याला थांबवणं हे या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम होतं असं मला वाटतं, कारण ओलं छत बाहेरून कोरडं दिसू लागतं आणि मग सगळ्यांनाच घाई होते. प्लास्टिकची तपासणी पुन्हा केली. पहिल्यांदा अजून दव धरलं, आठवड्याने धरलं नाही. मग रंगाऱ्याला बोलावलं.

सिंक, वायरिंग आणि रोलरचं काम दोन दिवसांत झालं. गीझरचा दोष जुन्या, बारीक वायरमध्ये होता. तेवढी ओढून बदलली. फुगलेल्या ट्रॉलीबद्दल घासाघीस झाली. काकूंचं म्हणणं, गळती वेळेवर कळवली असती तर प्लाय फुगला नसता. भाडेकरूने दीड वर्षापूर्वीचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश दाखवला, फोटोसकट. काकूंनी ट्रॉलीचे पैसे दिले. तो संदेश नसता तर मी काकूंच्या बाजूने असतो.

रंगकाम मुलीच्या उन्हाळी सुट्टीत झालं. आई आणि मुलगी गावी गेल्या, वडील घरी राहिले. सामानाने भरलेल्या घरात रंग द्यायचा तर एकेक खोली रिकामी करत जावं लागतं आणि आठवडाभर लागतो. दागिने, कागदपत्रं आधीच हलवावीत, आणि किल्ली रंगाऱ्याकडे देऊ नये. पैसे काकूंनी तीन टप्प्यांत थेट रंगाऱ्याला पाठवले. भाडेकरूने मधे पैसे घालून नंतर मागायचा प्रसंग ठेवलाच नाही.

सोसायटीचं काम मात्र रखडलं. झुल्यावर बसून बाहेरचे तडे भरणारी माणसं मेमध्ये मिळेनात, आणि कमिटीतल्या एकाला आधी सगळ्या इमारतीचं कोटेशन हवं होतं. ३१ मे आला आणि पश्चिमेची भिंत जशीच्या तशी. इथे भाडेकरूचं म्हणणं होतं की निदान आतून तरी रंग द्या, बरं दिसेल. मी विरोध केला. एका पावसाळ्यासाठी चकचकीत दिसणारी भिंत ऑक्टोबरमध्ये पुन्हा खार धरणार, आणि करारात "रंगकाम पूर्ण" असं लिहून गेलेलं असणार. ती भिंत खार घासून नुसत्या प्रायमरवर ठेवली.

करारात उतरलेले शब्द

नोंदणी २९ मे रोजी झाली. "मिळकत सुस्थितीत आहे" हे वाक्य काढून त्याजागी लिहिलं: "मिळकतीची स्थिती सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे आहे." परिशिष्टात खोलीनुसार नोंदी आणि तारखेसह फोटो. पश्चिमेच्या भिंतीसाठी स्वतंत्र कलम:

"हॉलच्या पश्चिम भिंतीची बाहेरील दुरुस्ती सोसायटीकडून करून घेण्यासाठी परवाना देणार पाठपुरावा करतील. त्या भिंतीचे आतील रंगकाम ३० नोव्हेंबरपर्यंत परवाना देणार यांच्या खर्चाने पूर्ण करतील. ते न झाल्यास १ डिसेंबरपासून, काम पूर्ण होईल त्या महिन्याच्या अखेरपर्यंत, मासिक फी २४,००० रुपये राहील. पावसाळ्यात या भिंतीवर आलेल्या ओलीची जबाबदारी परवानाधारकावर राहणार नाही."

काकूंनी फी कमी होण्याच्या वाक्यावर बराच विचार केला. काम झालं तर ते कधीच लागू होणार नाही, आणि नाही झालं तरी पहिल्या ११ महिन्यांत फटका महिन्याला १,५०० चा, एवढं पाहून त्यांनी मान्य केलं. मला स्वतःला अशी छोटी, आपोआप लागू होणारी तरतूद "अन्यथा करार रद्द" यापेक्षा फार बरी वाटते. एका भिंतीसाठी कोणी घर सोडत नाही, त्यामुळे रद्द करण्याची धमकी कोणी खरी मानत नाही. महिन्याला दीड हजार मात्र लक्षात राहतात.

पावसाळ्यात भिंतीवर ओल आली, अपेक्षेप्रमाणे. सोसायटीने ऑक्टोबरच्या अखेरीस बाहेरचे तडे पॉलिमर मॉर्टरने भरले, आणि तेही काकूंनी कमिटीला दोनदा लेखी आठवण दिल्यावर. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रंगारी आला तेव्हा त्याच्याकडे मेमधल्या रंगाच्या शेडचा क्रमांक नव्हता आणि उरलेला डबा कोणीतरी टाकून दिलेला. अंदाजाने मिसळलेल्या रंगाचा ठिगळ मधेच उठून दिसला असता, म्हणून त्याने भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण केली. कोपऱ्यात फरक फारसा कळत नाही. काम ३० तारखेच्या आत झालं आणि डिसेंबरचं भाडं २५,५०० गेलं. शेडचा क्रमांक आता परिशिष्टाच्या काकूंकडच्या प्रतीवर पेनाने लिहून ठेवला आहे.